एका पिशवीच्या तीन पिशव्या कशा होतात, आणि त्या कुठे बिघडतात: नेहमीच्या रक्तदात्यांना पत्र

नमस्कार मंडळी,

पुण्यातल्या एका रक्तपेढीत मी मेडिकल ऑफिसर आहे. तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या दंडाला मीच पट्टा बांधलेला आहे, त्यामुळे ओळख करून देत बसत नाही. पत्र लिहायचं कारण म्हणजे दर डेंग्यूच्या सीझनला तेच तीन-चार फोन येतात. "मॅडम सकाळी रक्त दिलंय, संध्याकाळी त्याच्याच प्लेटलेट काढून माझ्या मेव्हण्याला द्या." "मॅडम आमच्या शिबिराच्या बॅगा बर्फात नीट ठेवल्यात, काळजी नको." "मॅडम गोळी घेतली होती पण सांगितलं नाही, म्हटलं परत पाठवाल." ह्या सगळ्यांमागे एकच गैरसमज आहे, की रक्त एकदा पिशवीत आलं की ते सुखरूप आणि वेगळं करायचं काम पुढे कधीही होऊ शकतं. तसं नाहीये. एका पिशवीतल्या लाल पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट ह्या तीन गोष्टींना तीन वेगळी तापमानं लागतात आणि त्या वेगळ्या करायचा क्रम ठरलेला आहे, एक पायरी चुकली की मागे येता येत नाही. आणि यातल्या निम्म्या पायऱ्या आमच्या हातात नाहीत, तुमच्या हातात आहेत.

सोपं जावं म्हणून एकच बॅग धरून चालते. गणपतीतलं एका मंडळाचं शिबिर, चाकणच्या बाजूला, बॅग सकाळी १०:२० ला लावली. ह्या पत्रात तिला "दहा-वीसची बॅग" म्हणू.

टप्पा १: आदला दिवस आणि सकाळचा नाश्ता

प्लाझ्मा म्हणजे रक्तातलं पिवळसर पाणी, ज्यात पेशी पोहत असतात. तुम्ही सकाळी तर्रीवाली मिसळ आणि वर दोन वडापाव खाऊन आलात तर त्यातलं तेल दोन-तीन तासांत ह्याच पाण्यात उतरतं आणि एरवी वाळलेल्या गवताच्या रंगाचा दिसणारा प्लाझ्मा दुधाच्या चहासारखा गढूळ होतो. असा प्लाझ्मा आम्ही पेशंटला देत नाही, शिवाय त्याच्यामुळे तपासणीचं मशिनही गोंधळतं कारण बऱ्याच टेस्ट प्रकाश आरपार जाण्यावर चालतात. चतुर्थीला साबुदाणा खिचडी खाऊन येणारे लोक मला म्हणतात की उपासच आहे माझा, अहो पण त्यात शेंगदाण्याचं कूट आणि तूप किती होतं ते सांगा की.

उपाशीपोटीही येऊ नका, चक्कर येईल. दोन इडल्या, कमी तेलाचे पोहे, पोळी-भाजी, केळं, असं काहीतरी दोनेक तास आधी खा आणि रक्त द्यायच्या आधी अर्धा लिटर पाणी प्या. पाण्याचा संबंध फक्त चक्करेशी नाही, तो रक्त किती वेगाने बॅगेत येतं त्याच्याशीही आहे, ते पुढे सांगते.

आता गोळी. अ‍ॅस्पिरिन प्लेटलेटला कायमची निकामी करते, म्हणजे ती प्लेटलेट रक्तात फिरत राहते पण जखमेवर चिकटायचं विसरते आणि मरेपर्यंत, म्हणजे सात ते दहा दिवस, तशीच राहते. म्हणून गेल्या तीन दिवसांत अ‍ॅस्पिरिन घेतली असेल तर त्या बॅगेतून आम्ही प्लेटलेट काढत नाही. लक्षात घ्या, काढत नाही ते फक्त प्लेटलेट. लाल पेशी आणि प्लाझ्मा उत्तम चालतात. म्हणजे डोकेदुखीला गोळी घेतली हे सांगितल्याने तुम्हाला सहसा परत पाठवत नाही, आम्ही बॅगेवर तशी नोंद करतो आणि तिचे दोनच भाग करतो. न सांगितल्याने मात्र एखाद्या केमोथेरपीवाल्या मुलाला आकडा दाखवणारी पण काम न करणारी प्लेटलेट जाते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्याही सांगा. पॅरासिटामॉलने प्लेटलेटला काही होत नाही, ताप कशामुळे होता ते मात्र आम्ही विचारणारच.

*तपासा: फॉर्म भरताना "औषधं" ह्या रकान्यात "नाही" लिहायच्या आधी गेल्या तीन दिवसांतली प्रत्येक गोळी आठवा, शेजारच्यांकडून घेतलेली पण.*

टप्पा २: वजन खरं सांगा, कारण बॅग त्यावर ठरते

आमच्याकडे ३५० आणि ४५० मिलीच्या बॅगा असतात. ४५ किलोच्या पुढे ३५० चालते, ४५० साठी ५५ किलोच्या पुढे वजन लागतं. हिमोग्लोबिन दोन्हीकडे १२.५ च्या वर. काही जण ५२ किलोचे असून उत्साहात ६० सांगतात आणि मग ३८० मिलीला घाम फुटतो आणि बॅग अर्धवट थांबवावी लागते. अडचण अशी की बॅगेत रक्त गोठू नये म्हणून आधीच द्रावण भरलेलं असतं, ४५० च्या बॅगेत ६३ मिली, ते ४५० मिली रक्ताच्या हिशोबानेच घातलेलं असतं. रक्त कमी आलं की द्रावणाचं प्रमाण जास्त होतं, आणि अशा बॅगेतून आम्ही प्लाझ्मा-प्लेटलेट करायच्या भानगडीत पडत नाही. त्यापेक्षा ३५० ची बॅग पूर्ण भरलेली केव्हाही बरी, तिचेही तीन भाग होतात.

दहा-वीसच्या बॅगेचा दाता ७१ किलोचा होता, त्याला ४५० ची तिहेरी बॅग लावली. तिहेरी म्हणजे एक मोठी बॅग आणि तिला नळ्यांनी जोडलेल्या दोन छोट्या. एक छोटी पूर्ण रिकामी, दुसरीत १०० मिली पाण्यासारखं द्रावण, ज्याला आम्ही सॅगम म्हणतो, लाल पेशींचं खाणं समजा. सगळं एकाच वेळी जोडलेलं आणि बंद असतं, पुढचं सगळं काम ह्या बंद नळ्यांतूनच होतं, हवा कुठेच लागत नाही.

टप्पा ३: सुई लागल्यापासूनची बारा मिनिटं

चांगली बॅग आठ ते दहा मिनिटांत भरते. बाराच्या पुढे गेली तर तिच्यातून प्लेटलेट करत नाही आणि पंधराच्या पुढे गेली तर प्लाझ्माही गोठवून ठेवायला घेत नाही. कारण रक्त हळूहळू टिपकत आलं की नळीतच गोठायची सुरुवात होते, बारीक गुठळ्या डोळ्यांना दिसत नाहीत पण प्लेटलेट त्यात खर्ची पडलेल्या असतात.

वेग कशाने कमी होतो? पाणी न पिल्याने, मुठीतला बॉल दाबायचं विसरल्याने, आणि सगळ्यात जास्त म्हणजे त्याच हाताने मोबाईलवर रील बघत बसल्याने. कोपर जरा वाकलं की सुईचं टोक शिरेच्या भिंतीला टेकतं आणि धार थांबते. एका जागी दोनदा सुई फिरवावी लागली तरी प्लेटलेटच्या दृष्टीने ती बॅग मी बाद धरते, कारण सुईने खरवडलेल्या भिंतीपासून गोठण्याची प्रक्रिया सुरू झालेली असते. त्यामुळे टेक्निशियन "दुसऱ्या हातावर घेऊया" म्हणाला तर त्याला नवीन बॅग लागते, तो नवखा आहे असं समजू नका.

बॅगेखाली हलणारं छोटं ट्रे-मशिन असतं ते रक्त आणि द्रावण मिसळत राहतं. शिबिरात ते बंद पडलं तर आमचा माणूस हाताने बॅग उलटी-सुलटी करतो. त्याच्याशी त्या वेळी गप्पा मारू नका, एवढंच.

दहा-वीसची बॅग १०:२८ ला भरली. इथून घड्याळ सुरू. प्लेटलेट आणि गोठवायचा प्लाझ्मा काढायला आम्ही सहा तास धरतो, फार ताणलं तर आठ. म्हणजे आमची मुदत दुपारी ४:२८.

टप्पा ४: शिबिर ते रक्तपेढी, इथे सगळ्यात जास्त चुकतं

लाल पेशींना थंड लागतं, २ ते ६ अंश. प्लाझ्माला गोठलेलं लागतं, उणे ३० किंवा त्याखाली. प्लेटलेटला मात्र आपल्या खोलीचं तापमान लागतं, २० ते २४ अंश. आणि अजून ह्या तिघी एकाच पिशवीत आहेत! म्हणून नियम असा की ज्या बॅगेतून प्लेटलेट काढायच्या ती बॅग आधी कधीच थंड करायची नाही. प्लेटलेट एरवी चपटी, बशीसारखी असते. थंडीत ती गोल होऊन बसते, आणि अशी थंडावलेली प्लेटलेट पेशंटला दिली की त्याचं लिव्हर तिला काही वेळातच रक्तातून उचलून टाकतं. परत गरम करून उपयोग नाही.

एका शिबिरात (मंडळाचं नाव सांगत नाही, पोरं मनाने सोन्यासारखी होती) आमची गाडी आत येईना म्हणून बॅगांचा बॉक्स तासभर मांडवात राहिला. एका कार्यकर्त्याने बघितलं की बॉक्समध्ये बर्फच नाही. त्याने शेजारच्या रसवंतीतून बर्फाची लादी आणून फोडली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बॅगांवर रचली, वर ओलं पोतं. मी पोचले तेव्हा तो अभिमानाने म्हणाला, "मॅडम, फ्रिज केलाय बघा." चौदा बॅगा होत्या. हात लावला तर गार. चौदाही बॅगांच्या लाल पेशी वापरल्या, प्लाझ्मापण काढला, पण प्लेटलेट एकही नाही आणि महिना होता सप्टेंबर. त्याला मी काही बोलले नाही, चूक माझी होती, बॉक्सवर काही लिहिलेलंच नव्हतं. तेव्हापासून त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं "बर्फ घालू नये".

*इशारा: शिबिर घेणाऱ्यांनी दोन गोष्टी करा. बॉक्स सावलीत आणि पंख्याखाली ठेवा, आणि मिरवणूक किंवा ट्रॅफिक बंद व्हायच्या आधी आमची गाडी बाहेर पडेल अशी वेळ ठरवा. बाकी बॉक्सला हात नको.*

दहा-वीसची बॅग दीडला निघाली, नाशिक फाट्याला अडकली आणि ३:१० ला आमच्याकडे पोचली. मुदतीला एक तास अठरा मिनिटं बाकी.

टप्पा ५: पहिला फेरा, हलका

बॅग आधी वजनकाट्यावर. एक मिली रक्त साधारण १.०५ ग्रॅम, त्यावरून ४५० खरंच आलंय का कळतं. मग ती सेंट्रिफ्युजच्या, म्हणजे गरगर फिरवणाऱ्या मशिनच्या, कपात उभी बसवायची, घडी पडू द्यायची नाही, नळ्या आत नीट खोचायच्या. समोरासमोरच्या कपांचं वजन सारखं करायचं, कमी पडेल तिकडे रबराचे तुकडे टाकायचे. हे नीट केलं नाही तर मशिन थरथरतं आणि थर मोडतात. नळी बाहेर राहून बॅगेला टोचली तर झाकण उघडल्यावर कपात नुसतं रक्त, ती बॅग गेली.

हा फेरा मुद्दाम हलका असतो, साधारण २००० जी, तीनेक मिनिटं, २२ अंशावर. जी म्हणजे पृथ्वीच्या ओढीच्या किती पट. लाल पेशी सगळ्यात जड, त्या तळाला बसतात. प्लेटलेट सगळ्यात बारीक आणि हलक्या, एवढ्या कमी वेळात त्यांना खाली जायला जमत नाही म्हणून त्या वरच्या पिवळ्या पाण्यातच तरंगत राहतात. सगळी युक्ती ह्या "अर्धवट" फेऱ्यात आहे. जोरात फिरवलं तर प्लेटलेटही खाली दबतात आणि वर येतो नुसता प्लाझ्मा, कमी फिरवलं तर लाल पेशी वर राहतात.

मशिन थांबतानाही ब्रेक मारायचा नाही, आपोआप मंदावू द्यायचं. मी नवीन असताना घाई केली, ब्रेक लावून कप उचलला आणि मनगटाला जरासा झटका बसला. दोन थरांच्या मधून लाल धुराची एक शेपटी वर चढताना मला अजून दिसते. चहात दूध पडतं ना, तसं. बॅग परत फिरवावी लागली आणि त्या नादात तिची वेळ निघून गेली.

टप्पा ६: दाबणं

बॅग हळूच उचलून प्रेसमध्ये लावायची. दोन पाट्या, एकीला स्प्रिंग. बॅगेच्या तोंडातली प्लॅस्टिकची काडी वाकवून मोडली की रस्ता उघडतो आणि पिवळा भाग नळीतून रिकाम्या छोट्या बॅगेत जायला लागतो. तिथे उभं राहून नजर लाल रेषेवर ठेवायची. रेष तोंडापासून साधारण एक सेंटिमीटरवर आली की क्लॅम्प. थोडा प्लाझ्मा मागे राहिला तरी चालेल पण लाल रंग पुढे जाता कामा नये, त्या रेषेवरच पांढऱ्या पेशींचा पातळ थर असतो आणि पेशंटला थंडी-ताप येतो तो बऱ्याचदा त्यांच्यामुळे.

दहा-वीसच्या बॅगेतून असा २३० मिली पिवळा भाग निघाला. मग दुसऱ्या छोट्या बॅगेतलं १०० मिली सॅगम लाल पेशींवर सोडायचं, नळी सीलरने चिकटवून मोठी बॅग वेगळी करायची आणि तिला लगेच फ्रिजमध्ये. आता तिला थंडी चालते. सॅगम घातलेल्या लाल पेशी ४२ दिवस टिकतात. वेळ झाली होती ३:५५.

टप्पा ७: दुसरा फेरा, जोराचा

उरल्या दोन छोट्या बॅगा: एकीत प्लेटलेटवाला पिवळा भाग आणि दुसरी, जिच्यातलं सॅगम आत्ताच रिकामं झालं. ही दुसरी आता प्लाझ्माची बॅग होणार. ह्या वेळी साधारण ५००० जी, पाच मिनिटं, तापमान तेच २२. आता प्लेटलेट तळाला जाऊन फिकट पांढरा गोळा होतो. वरचा प्लाझ्मा दाबून रिकाम्या बॅगेत घ्यायचा आणि गोळ्याबरोबर साधारण ६० मिली ठेवायचा. दहा-वीसच्या बॅगेचा हिशोब: लाल पेशी सॅगमसकट साधारण ३८० मिली, प्लेटलेट ६०, प्लाझ्मा १७०.

प्लाझ्मा ४:२० ला ब्लास्ट फ्रीझरमध्ये गेला. आठ मिनिटं राखून. इतकी घाई कशाला, तर रक्त गोठवणाऱ्या घटकांतला आठवा घटक नाजूक असतो, बाहेर ठेवला की कमी होत जातो. उणे ३० ला मात्र प्लाझ्मा एक वर्ष टिकतो.

*तपासा (हे आमच्यासाठी): गोठवताना बॅगेला रबरबँड लावायचा आणि गोठल्यावर काढायचा. बर्फात त्याची खाच राहते. नंतर कधी खाच गायब दिसली तर मधे लाईट जाऊन बॅग वितळली होती असं समजून ती बाद. आणि गोठलेली बॅग टेबलावर आपटायची नाही, प्लॅस्टिक काचेसारखं तडकतं आणि ते कळतं वितळवताना, पेशंट वाट बघत असताना.*

टप्पा ८: प्लेटलेटचा आराम

गोळा झालेल्या प्लेटलेट लगेच हलवायच्या नाहीत. तासभर बॅग टेबलावर तशीच पडू द्यायची. एकमेकींना चिकटलेल्या असतात, त्या आपोआप सुटतात. घाईने कुस्करलं तर गाठी राहतात. तासानंतर हलणाऱ्या कपाटात, अ‍ॅजिटेटरवर, २० ते २४ अंशाला, दिवसरात्र. ह्या बॅगेचं प्लॅस्टिक हवा आत-बाहेर जाऊ देणारं असतं, हलवत राहिलं की प्लेटलेटला ऑक्सिजन मिळतो, नाहीतर त्या आंबट होत जातात आणि मरतात.

चांगली बॅग ओळखायची एक सुंदर खूण आहे. उजेडासमोर धरून हळूच हलवायची. आत पैठणीचा पदर उन्हात फिरवल्यासारखी चमक फिरताना दिसते. ती चपट्या पेशींची असते. पेशी गोल झाल्या की चमक जाते, नुसतं गढूळ पाणी दिसतं. गुलाबी छटा दिसली तर टप्पा सहामध्ये कोणाची तरी नजर हटली होती.

टप्पा ९: क्वारंटाईन, आणि संध्याकाळच्या फोनचं उत्तर

तीनही बॅगांवर एकच नंबर असतो आणि तिघीही "तपासणी बाकी" ह्या वेगळ्या कप्प्यात राहतात. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस, मलेरिया ह्या टेस्ट आणि रक्तगट झाल्याशिवाय एकही बाहेर जात नाही, आणि एका टेस्टमध्ये खोट आली की तिघीही जातात. म्हणून सकाळी दिलेल्या रक्ताची प्लेटलेट संध्याकाळी मेव्हण्याला मिळत नाही. त्याला मिळते ती दोन दिवसांपूर्वी कोणीतरी दिलेली.

आणि एका बॅगेने त्याचं भागेलच असंही नाही. अशी एक बॅग मोठ्या माणसाचा काउंट साधारण पाच ते दहा हजारांनी वाढवते, म्हणून डॉक्टर चार-सहा बॅगा एकदम मागवतात, किंवा मग एसडीपी, ज्यात एकाच दात्याकडून मशिनवर फक्त प्लेटलेट घेतात आणि बाकी रक्त त्याला परत देतात. त्याची प्रक्रिया पूर्ण वेगळी आहे, इथे नको.

दहा-वीसच्या बॅगेच्या टेस्ट दुसऱ्या दिवशी सकाळी क्लिअर झाल्या. प्लेटलेट त्याच दुपारी गेली. लाल पेशी अकराव्या दिवशी एका बाळंतिणीला लागल्या. प्लाझ्मा हे लिहिते आहे तेव्हा अजून फ्रीझरमध्येच आहे, खाच शाबूत.

तुमची तारीख का बदलायला सांगतो

प्लेटलेट पाचच दिवस टिकतात. गणपतीत एका रविवारी सहा शिबिरं होतात, शुक्रवारनंतर त्या प्लेटलेट आम्ही टाकून देतो आणि पुढच्या बुधवारी आमच्याकडे एकही नसते. म्हणून तुमच्यापैकी कोणाला "रविवारी नको, गुरुवारी या" असा फोन आला तर आम्हाला रक्त नको आहे असा अर्थ काढू नका. पुरुषांनी आधीच्या रक्तदानापासून ९० दिवस आणि बायकांनी १२० दिवस झाले आहेत ना ते कार्डावर बघा, आणि शक्यतो सकाळी नऊ ते अकरामध्ये या, म्हणजे आमच्या हातात दिवसाउजेडीचे सहा तास राहतात.

काही शंका असेल तर फोन करा, मी स्वतः उचलते. फक्त दुपारी तीन ते साडेचार नको, तेव्हा मी प्रेससमोर उभी असते आणि नजर लाल रेषेवर असते.

तुमची,
रक्तपेढीतली मॅडम